चार किलोच्या खोक्याचं बिल एकोणचाळीस किलोचं

छोट्या उत्पादकांचा माल बांधून रवाना करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे कुरिअरच्या बिलावरून चिडलेली माणसं मला नवी नाहीत. पण कापडी लॅम्पशेड बनवणाऱ्या एका ताईंचं प्रकरण मी मुद्दाम लिहून ठेवलं, कारण आकारमानाच्या वजनाबद्दल माणसं जे जे चुकीचं समजतात ते जवळजवळ सगळं त्या एका खोक्यात होतं.

ताई बिलाचा कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, यांचा वजनकाटा बिघडलाय. मी घरी चार वेळा वजन केलं. खोकं चार किलोचं आहे. यांनी एकोणचाळीस लावलंय."

काटा बिघडलेला नव्हता. बिलात वजनाच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरात तीन आकडे होते: 82, 42, 56. लांबी, रुंदी, उंची, सेंटिमीटरमध्ये. त्यांच्याच शेजारी प्रत्यक्ष वजनही छापलेलं होतं आणि ते चारच किलो होतं. म्हणजे कंपनीने वजन बरोबर केलं होतं, फक्त पैसे त्या वजनाचे लावले नव्हते.

हिशोब असा असतो. खोक्याच्या तिन्ही बाजू सेंटिमीटरमध्ये मोजायच्या, एकमेकींनी गुणायच्या आणि गुणाकाराला कंपनीच्या ठरलेल्या भाजकाने भागायचं. आंतरराष्ट्रीय एक्सप्रेस कुरिअरमध्ये हा भाजक बहुतेक ठिकाणी 5000 असतो. उत्तर येतं ते आकारमानाचं किंवा व्हॉल्युमेट्रिक वजन. ते आणि काट्यावरचं वजन यांपैकी जे जास्त, त्यावर पैसे लागतात आणि सहसा ते वजन वरच्या अर्ध्या किलोपर्यंत नेलं जातं.

```
82 × 42 × 56 = 192864
192864 ÷ 5000 = 38.57  →  39 किलो
```

ताईंनी हा हिशोब पाहिला आणि रास्त प्रश्न विचारला: "पण पाच हजारच का? हा आकडा आला कुठून?"

मी सूत्र बाजूला ठेवून त्यांना लिटरमध्ये सांगितलं. 5000 घनसेंटिमीटर म्हणजे पाच लिटर. कंपनी एवढंच म्हणते, की माझ्या गाडीतली पाच लिटर जागा अडवलीत तर मी ती एक किलो धरीन, मग त्या जागेत तुम्ही काहीही ठेवा. पाच लिटर पाण्याचं वजन पाच किलो असतं. म्हणजे पाण्याच्या एक पंचमांशापेक्षा हलका असलेला कुठलाही माल या हिशोबात जागेवर मोजला जातो. पुस्तकं, धातूचे सुटे भाग, भरलेल्या बाटल्या हा माल त्या रेषेच्या वर राहतो आणि काट्यावर मोजला जातो. उशा, मऊ खेळणी, टोप्या, लॅम्पशेड हे रेषेच्या फार खाली असतात. ताईंचं खोकं बिलातल्या मापाने 193 लिटरचं होतं आणि वजन चार किलो, म्हणजे लिटरला जेमतेम 21 ग्रॅम. रेषा आहे 200 ग्रॅमवर.

ही रेषा कुठल्याही वाहनाच्या डोळ्यांनी पाहिली की तिचं कारण कळतं. समजा एका गाडीत पाच घनमीटर जागा आहे आणि ती हजार किलो वजन वाहू शकते. ताईंसारखी खोकी भरायला घेतली तर त्यात फार तर 25 बसतील, आणि गाडीत आणखी एका खोक्याची जागा उरली नसताना वजन असेल 100 किलो. इंधन, चालक, धावपट्टीचं किंवा टोलचं भाडं, सगळा खर्च पूर्ण गाडीचा. पैसे मात्र काट्यावर घेतले तर 100 किलोचे. मग बाकीच्या 900 किलोंचा खर्च कुणी द्यायचा? शेवटी तो पुस्तकं पाठवणाऱ्यावर पडला असता, कारण दर किलोमागे वाढवावा लागला असता. या उदाहरणातल्या गाडीचं हजार किलो आणि पाच घनमीटर हे प्रमाण मी मुद्दाम धरलं: हजार किलोला पाच घनमीटर म्हणजे किलोला पाच लिटर, तोच भाजक. भाजक म्हणजे मुळात वाहनाची वजनक्षमता आणि जागा यांचं गुणोत्तर असतं.

म्हणूनच वाहन बदललं की रेषाही सरकते. विमानाने जाणाऱ्या सर्वसाधारण कार्गोसाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा प्रचलित भाजक 6000 आहे, म्हणजे एक घनमीटर साधारण 167 किलो धरला जातो. जहाजाच्या कंटेनरमध्ये दुसऱ्यांच्या मालासोबत थोडा माल पाठवला, तर एक घनमीटर म्हणजे एक टन असा हिशोब असतो. तिथे जागा किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्याचे पैसे. आणि भाजक हा निव्वळ भौतिकशास्त्राचा आकडाही नाही, तो व्यापारी निर्णय असतो. अमेरिकेत फेडेक्स आणि यूपीएस यांच्या जमिनीवरच्या सेवेत पूर्वी तीन घनफुटांपेक्षा लहान खोक्यांना हा हिशोब लागत नव्हता; 2014 च्या अगदी अखेरीस यूपीएसने आणि 2015 च्या सुरुवातीला फेडेक्सने तो सगळ्याच खोक्यांना लागू केला. तेव्हा खोकी बदलली नव्हती, गाड्या बदलल्या नव्हत्या, फक्त नियम बदलला. म्हणून दरपत्रक हातात आलं की मी आधी किलोचा दर बघत नाही, भाजक बघतो. ताईंच्या त्याच खोक्याला 6000 ने भागलं असतं तर 32.5 किलो लागले असते.

हे सगळं पटल्यावर ताई म्हणाल्या, "बरं, पण मी तर 80, 40, 55 चं खोकं घेतलं होतं. हे 82, 42, 56 कुठून आलं?"

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. मी त्यांना तसंच रिकामं खोकं आणि चार शेड घेऊन यायला सांगितलं आणि त्यांच्या पद्धतीने समोर बांधायला लावलं. त्यांनी प्रत्येक शेडला बबल शीटचे तीन वेढे दिले, दोन खाली, दोन वर ठेवल्या, कोपऱ्यांत कागदाचे बोळे कोंबले आणि झाकण दाबून टेप लावली. मग मी एक सरळ लाकडी पट्टी खोक्याच्या बाजूला उभी टेकवली. पट्टीच्या दोन्ही टोकांना फट आणि मध्यभागी खोक्याचं पोट पट्टीला चिकटलेलं. दोन्ही बाजू मिळून दोन सेंटिमीटर फुगवटा होता. झाकण एका सेंटिमीटरने वर आलेलं.

कुरिअरच्या केंद्रात खोकं सरकत्या पट्ट्यावरून जाताना लेझर किंवा कॅमेऱ्याचं यंत्र त्याचं माप घेतं, आणि ते कडांची लांबी मोजत नाही. त्याला दिसतो तो सर्वांत बाहेर आलेला बिंदू. खोकं ज्या काल्पनिक चौकोनी पेटीत मावेल त्या पेटीचं माप ते नोंदवतं. फुगलेलं पोट, उचकटलेलं झाकण, उभी राहिलेली टेपची शेपटी, सगळं त्या पेटीच्या आत येतं. न फुगलेल्या खोक्याचे 176000 ला 5000 ने भागून 35.5 किलो झाले असते. फुगवट्याचे साडेतीन किलो वेगळे, म्हणजे जवळजवळ अख्ख्या खोक्याच्या खऱ्या वजनाइतके.

नळकांड्याबाबतही हेच होतं. गोल नळी दहा सेंटिमीटर व्यासाची असली तरी ती दहा बाय दहाच्या चौकोनी पेटीतच मोजली जाते. कोपऱ्यांतल्या रिकाम्या जागेचे पैसे तुम्ही देताच.

बिलातल्या मापावरून चूक कुणाची हे बऱ्याचदा ओळखता येतं. तिन्ही बाजू एक-दोन सेंटिमीटरने वाढलेल्या असतील तर खोकं फुगलेलं होतं, तक्रार करून काही मिळणार नाही. दोन बाजू अगदी बरोबर आणि तिसरीच एकदम वीस-तीस सेंटिमीटरने मोठी असेल, तर काहीतरी बाहेर लोंबत होतं किंवा दोन खोकी चिकटून यंत्राखालून गेली. अशा वेळी तक्रार करावी, आणि ती बिलात दिलेल्या मुदतीतच करावी. पुरावा म्हणून टेप लावल्यानंतरचे तीन फोटो लागतात, प्रत्येकात एका बाजूला मोजपट्टी धरलेली आणि पत्त्याचा कागद दिसणारा. माझ्याकडे प्रत्येक मोठ्या खोक्याचे हे फोटो निघतात. ताईंच्या बाबतीत तिन्ही बाजू थोड्या थोड्या वाढल्या होत्या, म्हणून मी त्यांना तक्रार करू नका असं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण ते खरं होतं.

आता खोकं लहान कसं करायचं? पहिला विचार प्रत्येक शेड वेगळ्या खोक्यात पाठवण्याचा होता. त्याने काही साधत नाही. एका शेडला 41, 41, 29 चं खोकं लागतं, ते दहा किलोंचं होतं, चार मिळून चाळीस. जागा विभागली म्हणून कमी होत नाही. दुसरा विचार शेड उलगडून सपाट पाठवायची आणि ग्राहकाने जोडायची. ताईंचं कापड सांगाड्याला चिकटवलेलं असतं आणि कडेला हाताने दुमडून घेतलेलं असतं. तेच त्यांच्या कामाचं मोल आहे. त्यांनी नाही म्हटलं आणि मीही आग्रह केला नाही.

मग मी एक शेड हातात घेऊन दुसरीवर उपडी टोपी ठेवावी तशी ठेवली. ती खाली सरकली आणि थांबली. त्यांच्या शेडचा खालचा व्यास 36, वरचा 26 आणि उंची 24 सेंटिमीटर. निमुळता आकार असल्याने एकीत दुसरी बसते, जशी पेल्यात पेला. आडकाठी फक्त वरच्या कड्याखाली असलेल्या तारेच्या चौकडीची, जिच्यावर बल्बचा होल्डर बसतो. तिच्यामुळे दोन शेडमध्ये उभ्या दिशेने चार सेंटिमीटर अंतर राहत होतं. चार शेडची चळत केली तर 24 अधिक तीन वेळा चार, म्हणजे 36 सेंटिमीटर उंची. पहिल्या खोक्यात शेडच्या आतल्या पोकळ्या बबल शीट आणि हवेने भरून जात होत्या.

पहिल्या प्रयत्नात दोन गोष्टी बिघडल्या आणि त्या सांगायलाच हव्यात. नमुन्याचं खोकं मी एका चकरेला पाठवून परत मागवलं. उघडलं तेव्हा आतल्या शेडच्या कड्याने बाहेरच्या शेडच्या कापडावर आतून गोल करडी रेघ घासलेली होती. शिवाय प्रवासातल्या हादऱ्यांनी शेड एकमेकींत घट्ट रुतल्या होत्या. मी एक ओढली तर शिवण ताणली गेली. ग्राहकाने ओढली असती तर फाटली असती. कारण स्पष्ट होतं: वरच्या शेडचं वजन कापडावर टेकत होतं, सांगाड्यावर नाही.

म्हणून आम्ही पुठ्ठ्याच्या जाड पट्टीची एक कडी बनवली, जी खालच्या शेडच्या वरच्या रिंगवर बसते आणि वरच्या शेडची चौकडी तिच्यावर टेकते. कापड कापडाला लागतच नाही, आणि मध्ये पातळ टिश्यू कागद राहतो. अंतर चारऐवजी पाच सेंटिमीटर झालं. चळतीची उंची 36 ऐवजी 39 झाली. खोक्याचं बाहेरचं माप 41, 41, 44 आलं.

```
41 × 41 × 44 = 73964
73964 ÷ 5000 = 14.79  →  15 किलो
```

कडी नसती तर हेच 14 किलोंत भागलं असतं. तो एक किलो मी डोळे उघडे ठेवून देतो. जागा वाचवताना माल फाटला तर परतीच्या खोक्याचेही आकारमानाचेच पैसे पडतात.

एकोणचाळीसचे पंधरा झाले तरी खोक्यातलं खरं वजन तीनच किलो होतं. म्हणजे बारा किलो अजून हवेचेच. इथे हिशोब उलटा करून बघायचा. जोवर खोक्याचं खरं वजन पंधराच्या आत आहे, तोवर त्यात आणखी काहीही ठेवलं तर पैसे वाढत नाहीत. मी ताईंना विचारलं, याच ग्राहकाला अजून काय जातं? त्या म्हणाल्या, दिव्याच्या दोन लाकडी बैठका, वेगळ्या खोक्यात. त्यांचं खोकं लहान आणि जड, साडेतीन किलोचं, काट्यावर मोजलं जाणारं. सगळ्यात आतल्या शेडच्या पोटात मोठी पोकळी रिकामीच होती. बारा बाय बारा आणि सोळा उंचीच्या दोन बैठका तिथे शेजारी शेजारी बसल्या. एकूण वजन साडेसहा किलो झालं आणि पैसे पंधराचेच राहिले. पूर्वी दोन खोक्यांचे मिळून 42.5 किलो जात होते.

बैठका नुसत्या ठेवून चालत नाही. खोकं वाटेत उलटं होतंच. बाणाचं चित्र यंत्राला दिसत नाही आणि घाईतल्या हातालाही नाही. उलटं झालं की दीड-दीड किलोचं लाकूड तारेच्या चौकडीवर पडणार. म्हणून बैठका पुठ्ठ्याच्या खाचेत घट्ट बसवून ती खाच खोक्याच्या तळाला चिकटवली आणि वर पुठ्ठ्याची टोपी लावली. हे नीट जमणार नसेल तर जड वस्तू हलक्या वस्तूच्या पोटात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

फुगवट्याचा प्रश्न लहान खोक्याने जवळजवळ आपोआप सुटला. बाजू छोट्या झाल्या की पुठ्ठा कमी वाकतो, आणि कोंबायला कागदाचे बोळे लागतच नव्हते. तरी बांधून झाल्यावर लाकडी पट्टी चारही बाजूंना टेकवायची सवय ताईंनी ठेवली आहे. तिन्ही मापं एकेका सेंटिमीटरने वाढली तरी पंधराचे सोळा होतात, हे त्यांनी खोक्यांच्या रॅकवर लिहून चिकटवलंय.

या प्रकरणातून निघालेली एक गोष्ट मलाही आधी नीट दिसली नव्हती. एकाच शेडची ऑर्डर आली तर खोक्याची उंची 29 लागते आणि हिशोब 10 किलोंचा होतो. दोन शेडना 11.5, तीनला 13.5, चारला 15. पहिली शेड दहा किलो खाते आणि पुढची प्रत्येक दीड-दोन किलोच, कारण खोक्याचा तळ आणि पहिल्या शेडची उंची एकदाच मोजली जाते. ताईंनी आता चारचा संच वेगळा विकायला काढला आहे आणि त्याचा वाहतूक खर्च एका शेडच्या दीडपटच लावतात. एकट्या शेडचा प्रश्न मात्र तसाच आहे. साडेचारशे ग्रॅमच्या शेडला दहा किलोचे पैसे पडतात आणि त्यावर आमच्याकडे अजून उपाय नाही.

त्यांच्या नळकांड्यासारख्या सरळ शेडचंही तेच. वरचा आणि खालचा व्यास सारखा, त्यामुळे एकीत दुसरी जातच नाही. गेल्या महिन्यात त्यांनी त्या तीन वेगवेगळ्या व्यासांत करून पाहिल्या, 36, 32 आणि 28, तिन्ही एकात एक बसणाऱ्या. नमुन्याचं खोकं मी परवा बांधलं. पट्टी टेकवली, फट कुठेच नव्हती.